ग्रॅममागं चार मीटर जास्त

आमच्या रसायनशास्त्र विभागात एक काचेचं यंत्र होतं, भिंतभर पसरलेलं. नळ्या, तोट्या, पाऱ्याचा दाबमापक आणि टोकाला लोंबणारा एक काचेचा फुगा, त्यात माझी भुकटी. ॲल्युमिनाची पांढरी भुकटी, पिठासारखी. ती दिसते चमचाभर, पण आतून इतकी छिद्रांची की एका ग्रॅममध्ये एखाद्या घराच्या चटईइतकं नाही तर अख्ख्या घराइतकं क्षेत्रफळ मावतं. ते मोजायचं, हेच माझं पीएचडीचं काम होतं. घरी विचारलं की मी सांगायची, भुकटीची जमीन मोजते. माझे वडील दौलताबादला पेरूची बाग राखून होते, त्यांना जमीन मोजणं कळायचं. ते म्हणायचे, "मोज बाई, पण सातबारा कुणाच्या नावावर व्हणार हाय त्याचा?"

मोजायची रीत अशी. भुकटी तापवून, निर्वात करून आतला ओलावा काढायचा आणि मग तिचं वजन घ्यायचं. फुगा द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा. हा नायट्रोजन हर्सूलच्या बाजूला बैलांचं वीर्य गोठवून ठेवणाऱ्या केंद्रातून यायचा, आणि तो आणायला मी रिक्षात पांढऱ्या वाफा सोडणारा थर्मास मांडीवर धरून बसायची तेव्हा रिक्षावाले दुप्पट भाडं मागायचे. मग थोडा थोडा नायट्रोजन वायू आत सोडायचा. थंडीने तो भुकटीवर चिकटतो, आधी एक थर, मग त्याच्यावर दुसरा, तिसरा. अडचण हीच आहे, की पहिला थर पुरा व्हायच्या आत वरचे थर सुरू झालेले असतात. नुसतं किती वायू चिकटला हे बघून पहिला थर कुठे संपला ते कळत नाही.

त्याच्यासाठी एक समीकरण आहे. वायूचा दाब भागिले त्याचा संपृक्त दाब, म्हणजे ज्या दाबाला तो त्याच थंडीत द्रव होऊ लागतो तो दाब, हे गुणोत्तर आडव्या अक्षावर घ्यायचं. उभ्या अक्षावर त्याच गुणोत्तरातून आणि चिकटलेल्या वायूतून काढलेली एक राशी. सगळं ठीक असेल तर गुणोत्तराच्या शून्य पूर्णांक शून्य पाचपासून तीन दशांशापर्यंत बिंदू सरळ रेघेत येतात. रेघेचा चढ आणि ती उभ्या अक्षाला जिथं छेदते ती उंची, या दोहोंची बेरीज उलटी केली की एका थराला लागणारा वायू मिळतो. एक रेणू किती जागा अडवतो ते ठाऊक असतं. गुणलं की झालं क्षेत्रफळ. वाचायला पाच मिनिटं लागतात, करायला दिवस जातो.

माझ्या प्रबंधाचा सगळ्यात मोठा भाग या यंत्रावर उभा होता. बाहेरचे परीक्षक मुंबईच्या एका प्रयोगशाळेतले होते. त्यांनी माझ्या मार्गदर्शक सरांना कळवलं की यंत्र घरगुती आहे, तेव्हा आधी आमची प्रमाणित भुकटी मोजून दाखवा. दोन टक्क्यांच्या आत आली तर तो भाग ठेवा, नाहीतर काढा. काढा म्हणजे मागची तीन वर्षं काढा. सर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि नव्या मार्गदर्शकाकडे मला कोण घेणार होतं! घरी तर वडिलांनी पाहुण्यांना "पोरीचं पुस्तक झालं की बघू" म्हणून थोपवून धरलं होतं. पुस्तक अडकलं असतं तर पाहुणे अडकले नसते.

मुंबईची भुकटी ग्रॅमला एकशे दोन चौरस मीटर होती, त्यांच्या दाखल्याप्रमाणे. आमच्याकडे आली एकशे सहा.

मी पुन्हा मोजली. एकशे सहा. तिसऱ्यांदा मोजली, तरी एकशे सहाच. चूक असावी तर ती एकदा इकडे, एकदा तिकडे झुकावी. ही एखाद्या हट्टी म्हशीसारखी एकाच जागी बसलेली. ओलावा राहिला असेल म्हणावं तर ओलाव्याने क्षेत्रफळ कमी यायला हवं, जास्त नव्हे. वजन पुन्हा घेतलं, फुग्यातल्या रिकाम्या जागेचं आकारमान पुन्हा मोजलं. सगळं बरोबर. आणि रेघ? रेघ इतकी सरळ की दृष्ट काढावी. फक्त वरच्या टोकाला केसभर खाली झुकल्यासारखी वाटायची. पुस्तकात लिहिलं होतं की वरच्या टोकाला बिंदू रेघेच्या वर जातात. आमचे खाली. मला काही म्हणजे काही कळेना. रात्री डोळे मिटले की बिंदूच दिसायचे, आणि मी कुणाशीही धड बोलत नव्हते.

सर शांत माणूस. हैदराबादला उर्दूतून शिकलेले, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर इकडे आले, बोलण्यात अजून थोडं हैदराबाद शिल्लक होतं. ते म्हणाले, वरचे बिंदू गाळून बघ. मी गाळले. खालचे चारच ठेवले तर एकशे तीन पूर्णांक काहीतरी आलं. दोन टक्क्यांच्या आत. सर म्हणाले, "झालं की. मुंबईला हेच पाठव."

मी तो आलेख हातात धरून उभी राहिले. वरचे बिंदू का गाळले, असं कुणी विचारलं तर काय सांगू? त्यांचं उत्तर आवडलं नाही म्हणून? मी तसं म्हणाले, आणि जरा जोरातच म्हणाले.  सर म्हणाले की बघ, तुझा प्रबंध आहे, माझी तर जायची वेळ झाली. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम आल्याने मी आलेख घेऊन बाहेर पडले.

त्या आठवड्यात माझ्याकडे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. थर्मामीटर तपासायचं: बर्फात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर. आमच्या विभागातले थर्मामीटर उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव दाखवायचे, हे सगळ्या औरंगाबादला ठाऊक असावं. खोक्यावर सरांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: "दोन अंश कमी दाखवतात. मिळवून लिहावे." मीही शिकताना मिळवले होते. न मिळवणाऱ्याचे मार्क जायचे.

त्या वर्षी नवे थर्मामीटर आले होते, दुसऱ्या कंपनीचे, औरंगपुऱ्यातल्या दुकानातून. पोरींनी पाणी उकळलं. नव्यांनीही अठ्ठ्याण्णवच दाखवलं. एक पोरगी विचारायला आली की मॅडम, यांच्यातही मिळवायचे का, खोकं तर नवं आहे.

मी हो म्हणणार होते. पण काहीतरी खटकलं. बर्फात तर हे शून्यच दाखवतात. दोन वेगळ्या कंपन्या एकाच जागी, एकसारख्या, दोनच अंशांनी चुकतील? चूक सगळ्यांची सारखी असेल तर ती त्यांची नसते. पाणीच अठ्ठ्याण्णवला उकळत होतं. आपलं गाव समुद्रावर नाही, पठारावर आहे. इथं हवा विरळ.

पुढचं मला पळतच सुचलं, कारण मी पळतच होते. पदार्थविज्ञान विभागाच्या जिन्यात वायुभारमापक टांगलेला होता. मी रोज त्याच्याखालून जायची, वाचला कधीच नव्हता. सातशे दहाच्या आसपास मिलिमीटर. आणि माझ्या प्रत्येक गणितात संपृक्त दाब होता सातशे साठ! आम्ही मुंबईहून आणलेल्या रीतीच्या कागदावर तो तसाच छापलेला होता. त्यांचं बरोबर होतं, ते समुद्राकाठी बसतात. उघड्या भांड्यात उकळणाऱ्या नायट्रोजनचा संपृक्त दाब आजूबाजूच्या हवेइतकाच असतो, फार तर जरासा जास्त. माझं प्रत्येक गुणोत्तर खऱ्यापेक्षा लहान होतं, आणि तरी रेघ सरळ दिसत होती. ती सरळ असण्याचा मला किती अभिमान होता!

परत येऊन गणित केलं. झुकलेलं टोक उठून रेघेवर आलं. सगळे बिंदू ठेवून, एकही न गाळता, एकशे दोन आणि थोडं. मी खुर्चीत बसून रडले, हसलेही, आणि पोरींचं प्रात्यक्षिक अर्धवट सोडून आल्याचं तेव्हा आठवलं.

सरांना सांगायला गेले. मुंबईचा कागद दाखवणं सोपं होतं, खोक्याबद्दल बोलणं अवघड. पण थर्मामीटरशिवाय गोष्ट पुरी होईना. सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडाला धरले. म्हणाले, हे पाठवू, आणि जुन्या सगळ्या मोजण्या नव्या दाबाने करून घे. रोजचा दाब लिहून ठेवलेला नव्हता, तर तसं प्रबंधात स्पष्ट लिही, आणि त्याने किती फरक पडतो तेही काढून लिही. मी काढला, आमच्याकडे वर्षभरात पारा थोडाच वरखाली होतो, अर्धा टक्काही फरक पडत नव्हता. माझ्या सगळ्या भुकट्यांची जमीन चार-चार टक्क्यांनी घटली, पण ती माझी होती. तो भाग राहिला, प्रबंध तपासायला गेला, आणि सर निवृत्त व्हायच्या आत पास झाला. वडिलांनी पेरूची पाटी आणून विभागात वाटली.

पण त्या दिवशी, मी आलेख उचलून निघाले तेव्हा सरांनी मला थांबवलं. थर्मामीटरचं जुनं खोकं मागवलं. चिठ्ठी नखाने खरवडू लागले. जुना डिंक, निघेना. पाणी लावलं तरी अर्धीच निघाली. मी म्हणाले, सर, राहू द्या, मी काढते.

ते थांबले. म्हणाले, "हैदराबादलाही अठ्ठ्याण्णवच यायचं. पैल्या दिवशी मी तेच लिवलं होतं, जे दिसलं ते. उस्तादांनी खोडलं अन् शंभर केलं." मग त्यांनी ओली बोटं रुमालाला पुसली. "आपण बरोबर लिवलं होतं, हे मला आज कळतंय बघ. अन् मधे किती पोरांचं मी खोडलं."

 मी फडकं ओलं करून आणलं आणि आम्ही दोघांनी मिळून उरलेली चिठ्ठी काढली.