कागदावर सरकलेला बांध

मी रोह्याला राहते आणि पेणच्या एका लहानशा सिव्हिल ऑफिसात ड्रॉइंग काढते. ऑफिस म्हणजे एक सर, मी आणि दोन कॉम्प्युटर. बंगले, गोठे, कंपाउंड असली कामं आमच्याकडे जास्त. धरमतरच्या बाजूच्या एका गावचा खारबांध आमच्याकडे आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या कडेनं घातलेला तो मातीचा बांध जुना झाला होता. तो रुंद करायचा होता आणि पाणी सोडायची उघाडी नव्यानं बांधायची होती. बांध रुंद होणार म्हणजे आतल्या बाजूला कुणाच्या तरी शेतात थोडा शिरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती शिरणार, एवढाच प्रश्न होता.

ड्रॉइंग मी एकच ठेवलं. मॉडेलमध्ये सगळं खऱ्या मापानं, मीटरमध्ये. मग कागदाच्या आकाराप्रमाणे दोन लेआउट केले. एक मोठा, ए-वन, गावच्या शाळेत भिंतीला लावायला. दुसरा ए-थ्री, ज्यांची शेतं बांधाला लागून आहेत त्यांच्या हातात द्यायला. प्रत्येक लेआउटवर एक व्ह्यूपोर्ट, म्हणजे खालचं मूळ ड्रॉइंग दिसणारी खिडकी. मोठ्या कागदाच्या खिडकीला एकास पाचशे, म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर दोन मिलिमीटर. लहान कागदाला एकास हजार, म्हणजे मीटरला एक मिलिमीटर. ए-थ्रीची लांबी-रुंदी ए-वनच्या निम्मी असते, त्यामुळे दोन्हीकडे तोच भाग तसाच बसला. प्लॉट, म्हणजे छपाई, दोन्हीची एकास एक. प्रमाण खिडकीत ठरलेलं असतं, छापताना त्याला हात लावायचा नसतो.

गावच्या बैठकीच्या आदल्या दिवशी घरी पाहुणे होते म्हणून मी सुट्टीवर होते. सरांनी स्वतः प्रिंट काढल्या.

दुसऱ्या दिवशी मी थेट शाळेत पोचले तेव्हा वर्गात गावकरी बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. बायका दाराजवळ. सरांनी भिंतीवरचा नकाशा समजावून सांगितला, उघाडी कुठं, नवा बांध कुठून, माती कुठली. सगळे मान डोलावत होते. तेवढ्यात दाराजवळून एक मावशी उठल्या. साठीच्या असतील. त्यांचं शेत उघाडीला लागूनच. हातात ए-थ्रीचा कागद आणि शाळेतली फूटपट्टी.

"साहेब, बांध नक्की कुठं घालताव?"

"दाखवला ना मावशी. उघाडीच्या जुन्या खांबापासून नव्या बांधाच्या आतल्या पायथ्यापर्यंत बारा मीटर."

"व्हय, भिंतीवर बाराच हाय. चोवीस रेघा भरल्या, तुमी सांगितलंव दोन रेघांचा मीटर. पण ह्या कागदावर चौदा भरल्या. हितं लिवलंय एका रेघंचा मीटर. म्हंजे चौदा मीटर. दोन मीटर बांध माज्या शेतात आला."

मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं, भिंतीवरचा कागद दाखवायचा आणि हातातला करायचा. मावशी मात्र ओरडल्या नाहीत. कागद छातीशी धरून एवढंच म्हणाल्या, "मागं बांधाला खांड पडली, पानी आत आलं, तवा बांध असाच आत घेतला. तवा बी कागद बरोबर हाय, म्हनले होते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये अंतर मोजलं, बारा मीटर. मोठ्या लेआउटची खिडकी बरोबर, मीटरला दोन मिलिमीटर. लहान लेआउटची खिडकी निवडली तर प्रमाण एकऐवजी एक पूर्णांक सतरा शतांशाच्या आसपास होतं. असला आकडा कुणी मुद्दाम टाकत नाही. खिडकीच्या आत डबल क्लिक करून माउसचं चाक फिरवलं की असं होतं. खाली कोपऱ्यात मात्र एकास हजार तसंच लिहिलेलं राहतं, कारण ती नुसती अक्षरं असतात.

काय झालं ते मला कळलं. कुणी केलं तेही कळलं. पण भरल्या वर्गात सरांकडे बोट कसं दाखवायचं? मी स्क्रीन थोडी सरांच्या बाजूला वळवली.

सर वाकून माझ्या शेजारी आले. आकडा पाहिला आणि हळूच म्हणाले, "खिडकीला लॉक नव्हतं का?"

"नव्हतं, सर."

ते सरळ उभे राहिले. "हे माझ्या हातून झालंय," ते वर्गाला म्हणाले. "लहान कागदावर तुमची नावं फार बारीक येत होती, वाचता येईनात. म्हणून मी चित्र थोडं मोठं केलं. त्यानं माप बिघडलं."

हे खरं होतं. ती नावं सर्व्हेवाल्याच्या फाइलीतून आली होती, त्यांचा आकार जमिनीच्या मापाला बांधलेला. मोठ्या कागदावर ठीक दिसणारी अक्षरं लहान कागदावर निम्मी होत होती. पण गावाला हे ऐकून पटेल असं वाटत नव्हतं. मागून कुणीतरी हसलंसुद्धा.

तेव्हा मला सुचलं. मी मावशींजवळ गेले. "मावशी, ही जुनी उघाडी केवढी आहे? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत?"

"सा मीटर. आमच्या डोल्यांसमोर बांदलेली हाय."

"मग तुमच्या कागदावर ती मोजा बरं."

त्यांनी पट्टी लावली, डोळे बारीक केले. "सात." परत मोजलं. "सातच." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उघाडी पन फुगली म्हन की!"

दाराजवळच्या बायका हसल्या आणि वर्गातला ताण जरा सैलावला. मी म्हटलं, "सगळंच फुगलंय मावशी. तुमचं शेतसुद्धा. बांध एकच आहे, तो हलला नाही. खिडकीतून बघताना आपण जवळ गेलो, एवढंच."

मग तिथंच बसून मी खिडकीचं प्रमाण पुन्हा एक केलं आणि तिला कुलूप घातलं, म्हणजे कुणीही चाक फिरवलं तरी प्रमाण बदलणार नाही. नावांना असं केलं की दोन्ही कागदांवर अक्षरं सारख्याच उंचीची दिसावीत. सर खुर्ची ओढून शेजारी बसले होते आणि एकेक गोष्ट विचारत होते. जुने, चुकीचे कागद त्यांनी स्वतः फिरून गोळा केले. मावशींनी आपला दिला नाही.

"नवा आना, मंग ह्यो देन."

पेणला जाऊन आम्ही नव्या प्रिंट काढल्या. प्रिंटच्या सेटिंगमध्ये 'कागदात बसवा' हा पर्याय होता, तो मी काढला, नाहीतर तेवढ्यानंही सगळं किंचित आक्रसलं असतं. हातात पट्टी घेऊनच कागद तपासले. परत गेलो तेव्हा मावशींनी आधी उघाडी मोजली, मग बांध. सहा आणि बारा.

"कागद बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आता जाग्यावर खुट्या मारा. माज्या समोर."

बांधावर गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात पाय रुतत होते. सरांनी खांबाला टेपचं टोक धरलं, मी दुसरं टोक घेऊन आत चालत गेले. बारावर थांबले. मावशींनी खुटी माझ्या हातून घेतली आणि दगडानं ठोकली. खुटीच्या खांबाकडच्या बाजूला त्यांच्या भाताची धसकटं अजून उभी होती. जमिनीची ती पट्टी बांधाखाली जाणारच होती. बारा मीटरमध्येही थोडं शेत जात होतंच.

"जातंय तेवढं जाऊ दे गो," त्या म्हणाल्या. "केवढं जातंय, ते कलायला पायजे."

बांध आता पुरा झालाय. त्यांच्या शेतात यंदा भात चांगला आल्याचं सरांनी सांगितलं. रोह्याच्या गाडीत बसले की मला कधी कधी वाटतं, माणसं जमीन गेल्यानं जेवढी दुखावतात त्याहून जास्त ती कुठल्या मापानं गेली हे न कळल्यानं दुखावतात. मी मापाचंच काम करते, तरी हे मला त्या वर्गात पहिल्यांदा दिसलं.