चादर कितव्या मिनिटाला उडते

लाँड्रीकाकूंना सिनेमा बघताना झोप लागते, हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवे मालवले, पडद्यावर नावं यायला लागली, की काकूंची मान हळूहळू कलायची आणि शेजारी कोण बसलंय याची पर्वा न करता त्याच्या खांद्यावर जाऊन टेकायची. शेजारी बहुतेक वेळा मीच असे. मी मूळची फटकळ, दिवसभर दाताच्या दवाखान्यात पेशंटांना "बसा, बोलावते" म्हणून म्हणून डोकं उठलेलं असायचं. पण त्या खांद्याचं मात्र मी कधी काही बोलले नाही. त्यांच्या केसांना वाफेचा आणि साबणाचा वास यायचा, आणि तो वास आला की मलाही सगळं जरा दूरचं, मऊ वाटायला लागायचं.

आमचा वर्ग संध्याकाळचा. कॉलेजातली मुलं घरी गेली की त्यांच्याच बाकांवर आम्ही नोकरदार माणसं येऊन बसायचो आणि सिनेमा कसा बघावा ते शिकायचो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक निबंध लिहायचा, तो पास झाला तरच दुसऱ्या वर्षात प्रवेश.

काकू मागच्या गल्लीतल्या मोठ्या लाँड्रीत काम करायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथेच. हॉस्पिटलांच्या चादरी, लॉजचे टॉवेल, सगळं गाठोड्यांनी यायचं आणि घड्या होऊन जायचं. त्यामुळे पडद्यावर काहीही चाललेलं असो, काकूंचं लक्ष कपड्यांवर. सगळा वर्ग डोळे पुसत असताना त्या माझ्या कानात म्हणायच्या, "अगं, हिच्या मागची दोरी बघ. पुरुषाचा एकही कपडा नाही. नवरा कधीचाच गेलाय तिचा, आता कशाला रडतेय?" आणि दहा मिनिटांनी ते खरं निघायचं. मग त्या झोपायच्या.

"झोपच यायची तर वर्गाला कशाला आलात हो?" मी एकदा विचारलंच.

"आमच्या ह्यांना सिनेमाचं भारी वेड," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यापासून अशीच. मध्यंतराच्या आत डोळे मिटलेले. मग घरी चालत जाताना हे मला उरलेला सिनेमा सांगायचे. असा सांगायचे की बघणाऱ्यालाही एवढा कळला नसेल. आता सांगायला कोणी नाही. म्हटलं, आपणच शिकावं."

मी बाटलीतलं पाणी प्यायले.

काकूंच्या निबंधाचा विषय ठरलेलाच होता: पडद्यावरचे वाळत घातलेले कपडे. त्यांनी तीन गोष्टी घेतल्या. 'चार वाजताचं ऊन' हा जुना चित्रपट, 'वाफेचं घर' हा माहितीपट, आणि 'तिसरा मजला' या टीव्ही मालिकेतला 'चिमटे' नावाचा एक भाग. निबंध सुंदर होता, हे मी कुणाचं तोंडदेखलं कौतुक करत नाही म्हणून सांगते. शेवट तर असा, की वाचून मी दवाखान्यात दोन फोन उचललेच नाहीत. चित्रपटातली बाई गच्चीवर चादर वाळत घालते, चिमटा सुटतो, चादर उडते, घरांवरून तरंगत जाते, आणि ती बाई तिला धरायला धावत नाही. नुसती बघत राहते.

मॅडमनी निबंध परत केला. आमच्या मॅडम शांत बाई, आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण नोंदींच्या बाबतीत भारी कडक. ज्या प्रसंगाबद्दल लिहाल तो कितव्या मिनिटाला सुरू होतो आणि कितव्याला संपतो ते लिहा. वाचणाऱ्याला तिथे जाऊन बघता आलं पाहिजे, नाहीतर तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? काकूंच्या शेवटच्या प्रसंगापुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "वेळ? हा प्रसंग मला सापडला नाही. सोमवारपर्यंत दुरुस्त करून द्या."

"सोमवारी नाही दिला तर घरी," काकू म्हणाल्या. "दुसरं वर्ष गेलं माझं. तू ये ना गं जरा. मला ती बटणं दाबता येत नाहीत."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसलो. तिथे एक पडदा, एक टेबल, दोन खुर्च्या आणि जाड पडदे लावलेली खिडकी. फटीतून उन्हाची एक पट्टी येऊन काकूंच्या हातांवर पडली होती. पाण्यात राहून राहून त्यांचे हात फिके झाले होते, आणि त्या उन्हात ते जणू दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

आधी बाकीच्या चुका काढल्या. 'वाफेचं घर'च्या पुढे दिग्दर्शक म्हणून त्यांनी निवेदकाचं नाव लिहिलं होतं.

"सगळं तोच तर बोलतो!" काकू म्हणाल्या.

"बोलणारा वेगळा, करणारा वेगळा. आणि हे साल डिस्क निघाली तेव्हाचं आहे. माहितीपट त्याच्या कितीतरी आधीचा."

मालिकेच्या भागाचं तर विचारूच नका. त्या एका भागाचा दिग्दर्शक वेगळा होता, काकूंनी मालिका सुरू करणाऱ्याचं नाव घातलेलं. सीझन आणि भागाचा क्रमांक गायब. आणि वेळा सगळ्या पुढे गेलेल्या, कारण काकूंनी घरी टीव्हीवरून उतरवून घेतलेला भाग बघून त्या लिहिल्या होत्या, साबणाच्या जाहिरातींसकट.

"जाहिरातीत पण कपडे छान वाळत घातले होते," त्या म्हणाल्या.

मी हसले, त्याही हसल्या, आणि ग्रंथालयातल्या प्रतीवरून आम्ही सगळ्या वेळा नव्याने टिपल्या. मग 'चार वाजताचं ऊन' लावला. वर्गात तो दाखवला त्या संध्याकाळी मी दवाखान्यात अडकले होते.

गच्ची आली. बाई आली. बादलीतून चादर काढून तिने झटकली, दोरीवर टाकली, दोन्ही टोकांना चिमटे लावले. चादर वाऱ्याने फुगली. मी श्वास रोखून धरला. आणि खालच्या रस्त्यावर एक माणूस सायकल ढकलत चाललेला दिसू लागला. गच्ची संपली. पुढे अख्ख्या चित्रपटात ती परत आली नाही.

"मागे घे," काकू म्हणाल्या. मी मागे घेतलं. चादर फुगली, सायकलवाला आला. पुन्हा मागे. पुन्हा सायकलवाला. त्या माणसाचा मला इतका राग आला की काय सांगू.

मला वाटलं, दुसऱ्या प्रतीत असेल. त्या चित्रपटाची टीव्हीसाठी केलेली एक जुनी प्रतही तिथे होती. तीही लावली. टीव्हीच्या प्रती किंचित वेगाने पळतात, तासामागे जवळजवळ अडीच मिनिटं वाचतात, म्हणून कुठल्या प्रतीवरून वेळ घेतली तेही लिहावं लागतं. त्या प्रतीत गच्ची थोडी लवकर आली. सायकलवालाही थोडा लवकर आला, एवढाच फरक.

माझा संयम संपला. "काकू, ठोकून द्या एखादी वेळ. तास-सवा तासाच्या आसपास काहीतरी. कोण बघतंय?"

"मॅडम बघतात."

ते खरंच होतं. मी चिडून निबंधच उचलला आणि त्यातून काही धागा मिळतो का म्हणून मोठ्याने वाचायला लागले. "'निळ्या काठाची ती चादर कौलांवरून...'" आणि थांबले. समोर पडद्यावर गच्ची तशीच थांबवून ठेवली होती. आभाळ करडं, भिंत करडी, चादर पांढरी. सगळा चित्रपटच कृष्णधवल.

"काकू," मी म्हणाले, "निळा काठ कुठून आणलात?"

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसलं आश्चर्य नव्हतं, झोपेतून उठताना असतं तेवढंच काहीतरी.

"निळा काठ हॉस्पिटलच्या चादरींना असतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे गेले ना, ते सकाळी. त्याच आठवड्यात मी कामावर गेले, घरात बसवेना. गाठोडी आली होती. यांच्या अंगाखालची चादरही त्यातच असणार. कुठली ते कसं कळायचं? सगळ्या सारख्याच. मग मी त्या सगळ्या हाताने धुतल्या. मशीन असून. बाकीच्या बायकांना वाटलं, हिला वेड लागलं."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"आणि वर्गात तो सिनेमा लावला तेव्हा मी झोपले असणार," काकू म्हणाल्या. "चादर फुगली, आणि पुढचं मी बघितलं. इतकं लख्ख बघितलं गं. चिमटा सुटतानाचा आवाजसुद्धा."

"मग काढून टाकायचा का शेवट?"

"स्वप्नाची वेळ नाही का लिहिता येत?"

"नाही हो. वाचणाऱ्याला तिथे जाता यायला हवं."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिथे कोणालाच जाता यायचं नाही."

त्यांनी पदराने चष्मा पुसला, पेन घेतलं, आणि मला विचारलं, गच्ची कुठे सुरू होते, कुठे तुटते. मी सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी तास, मिनिटं, सेकंद अशा लिहिल्या, चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक, साल, आणि वर्गात दाखवलेल्या डिस्कची नोंद केली. त्याखाली लिहिलं: "चित्रपटातली गच्ची इथे संपते आणि रस्ता सुरू होतो. चादर उडत नाही. ती उडालेली मी पाहिली, पण तेव्हा मी झोपले होते, म्हणून यापुढच्या मजकुराला वेळ देता येत नाही." आणि त्यापुढे चादर उडू दिली. निळ्या काठासकट.

मला वाटलं होतं, मॅडम निबंध फेकून देतील. सोमवारी त्यांनी तो बाकावर बसून आमच्यासमोरच वाचला. वाचून झाल्यावर खिडकीबाहेर बघत बसल्या. मग शेवटी लिहिलं: "नोंदी अचूक. दुसऱ्या वर्षाला या." माझ्या निबंधात तीन चुका निघाल्या, ते राहू द्या.

आता आमचं दुसरं वर्ष चालू आहे. दिवे मालवतात, नावं यायला लागतात, आणि माझ्या खांद्यावर साबणाचा, वाफेचा वास येऊन टेकतो. तो टेकला की मी पडद्याखालच्या पट्टीवरची वेळ बघते आणि तळहातावर पेनाने लिहून ठेवते. वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी लाँड्रीच्या गल्लीपर्यंत चालत जातो.

"कुठपर्यंत बघितलं मी?" काकू विचारतात.

मी तळहात उघडते, वेळ सांगते, आणि तिथून पुढचा सिनेमा सांगायला लागते.