आखाजीचा व्हिडिओ

सणाला लोक घरच्या ग्रुपवर फुलं झडणारे, दिवे लुकलुकणारे, कुठून कुठून आलेले व्हिडिओ पुढे ढकलतात, त्याचा मला भारी राग. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बुऱ्हाणपूरला माहेरी आले की आमचा व्हिडिओ मीच करते. तीन फोटो आणि त्यांवर बाबांच्या आवाजातला आशीर्वाद.

यंदा करणारच नव्हते. मोठी बहीण हिवाळ्यात गेली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात; आज देडतलाईला तिच्या सासरचे तिच्या नावाची पहिली घागर भरत होते. पण ती गेलीय हे बाबांच्या लक्षात राहत नाही. आम्ही दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला. तेव्हापासून आईने सगळ्यांना बजावून ठेवलंय, आता कोणी सांगायचं नाही.

सकाळी बाबाच म्हणाले, "माझा आशीर्वाद नाही घ्यायचा का?"

मी फोन समोर धरला. ते नीट सावरून बसले.

"आखाजीले दोघी या माय. मोठे, तुझ्यासाठी खरबूज घेऊन ठेवलंय, जल्दी ये. सुखी राहा."

मी मोठीचं वाक्य कापलं. आवाजाची पट्टी दोन जागी तोडायची आणि मधला तुकडा उडवायचा, एवढंच तर असतं. पण बहिणीला आपल्याच हाताने दाराबाहेर काढल्यासारखं झालं आणि मला रडू फुटलं. डोळे पुसून बाबांना ऐकवलं.

"मोठीचं राहिलं," ते म्हणाले. "तिला वाईट वाटंल ना."

ग्रुपवर मोठीची मुलगीही आहे. तसाच टाकला तर त्या पोरीच्या काळजाला घरं पडणार, कापून टाकला तर बाबा दिवसभर विचारणार. शेवटी भाचीलाच फोन लावला आणि पूर्ण आशीर्वाद ऐकवला.

"मावशी, काटू नको," ती म्हणाली. "सकाळपासून इथे सगळे घागरीचंच बोलून राहिले. आईला 'ये' तर फक्त नानाजींनीच म्हटलं."

तुकडा परत जोडला. पण फोटो मी कापलेल्या आवाजाच्या मापाने बसवले होते. आता ते आधीच संपत होते आणि शेवटी नुसता काळा पडदा. भाचीला सांगितलं तर तिने एक फोटो पाठवला. मागच्या आखाजीचा, मोठी झोक्यावर, पदर खोचून खिदळतेय. तो शेवटी लावला आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

बाबांनी तो आईच्या फोनवर पुन्हा पुन्हा पाहिला. मग टोपी घालून ओट्यावर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून.

"उन्हाची येईल ती," म्हणाले. "पाणी भरून ठेव."

मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्याशेजारी बसले.