कूस बदलण्याचा तक्ता

घरी वृद्धांची काळजी कशी घ्यावी, यावर मोबाइलवर एकेक सरकवत वाचायचं आठ स्लाइडचं कॅरोसेल सापडलं. चाकणच्या कंपनीत मशीनजवळ सूचना लावतो, तशा मी सात स्लाइड छापून अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या पलंगाशी भिंतीवर चिकटवल्या. काळजी घेणाऱ्याच्या विश्रांतीची आठवी मुद्दाम गाळली. नाहीतर बायकोला विश्रांती द्यायला मला ओव्हरटाइम सोडावा लागला असता. दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण करायला बायकोला तक्ता दिला.

एकदा दुपारी चारला आलो, तर रात्री दहापर्यंतच्या खुणा झालेल्या. बायको भिंतीला टेकून झोपलेली. बाबांच्या माकडहाडावर लाल डाग होता; दाबला तरी फिका होईना, म्हणजे पडून राहिल्याच्या जखमेची सुरुवात.

“खोट्या खुणा केल्यास?”

डोळे न उघडताच ती म्हणाली, “तक्ता भरलाय, साहेब. आता बाबांना तुम्ही वळवा.”

मी वाकलो. हात कुठे घालायचा, हे मला भिंतीवर वाचावं लागलं.