तालुका प्रतिनिधी

नोकरी देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, की माझे हात आजही शिवशिवतात. पदवी घेऊन बसलेली भाचे मंडळी घरी येतात, हातात जाड कागदावरचं पत्र असतं, तोंडावर आनंद मावत नसतो. मी विचारते, "पैसा कुणाकडून कुणाकडं चाललाय?" पोरं म्हणतात, "मावशी, थोडीच फी आहे, परत मिळणार आहे." मग माझा आवाज चढतो. शेजारपाजारचे म्हणतात, बाई फार तापट. तापट तर तापट. आमच्या अंगणात काय झालं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

माझा थोरला भाऊ आमच्या वस्तीतला पहिला बी.कॉम. आम्ही बौद्ध, आमचं गाव नांदे गावाच्या पलीकडं, घर गावाच्या खालच्या अंगाला. आबा दुसऱ्यांच्या रानात राबायचे. दादा पदवी घेऊन आला तेव्हा आबांनी वस्तीला गूळ वाटला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवलेलं, कॉल काही येत नव्हता. मी पुण्यात कॉलेजला होते. शनिवारी घरी यायची तेव्हा दादा अंगणात तोच पेपर चौथ्यांदा वाचत बसलेला असायचा.

अशात एक जाहिरात आली. पिरंगुटला नवा कारखाना होतोय, पदवीधर पाहिजेत, परीक्षा नाही, अनुभव नको, 'होतकरू तरुणांनी समक्ष भेटावे'. कारखान्याचं नाव भारदस्त, पत्ता मात्र फक्त बॉक्स नंबर. दादानं अर्ज टाकला आणि आठवड्यात उत्तर हजर. सोनेरी अक्षरांचा कागद, खाली ठसठशीत शिक्का. मुलाखत पौडला बाजारपेठेतल्या एका भाड्याच्या खोलीत. साहेबानं त्याला नाव विचारलं, सर्टिफिकेट उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "निवड झाली. नोंदणी फी भरा."

आम्ही फसलो ते का, तेही सांगते, म्हणजे कुणी आम्हाला अडाणी म्हणणार नाही. सरकारी परीक्षेलाही फी असतेच. दादानं दोनदा भरली होती. पण ती पोस्टल ऑर्डरनं, ऑफिसच्या नावानं, वर दोन रेघा मारून, म्हणजे कुणाच्या खिशात जायला नको. इथं साहेबानं रोख घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. हा फरक आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्हाला दिसला नाही. पिरंगूट काही लंकेला नव्हतं. चालत जाऊन फाटकावरच्या वॉचमनला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

मग साहेबानं खरा डाव टाकला. दादाला म्हणाला, "तुम्ही हुशार आहात. तुम्हाला तालुका प्रतिनिधी नेमतो. तुमच्या भागातली मुलं आणा, तुमची पुढची फी माफ, पगार आजपासून सुरू." फोटो चिकटवलेलं कार्ड दिलं, कोरं पावतीपुस्तक दिलं. एकदा तर मी घरी असताना सफारी घालून आमच्याकडं जेवायला आला. आईनं कोंबडी कापली. जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, तुमचा मुलगा साहेब होणार." आबा रडले हो. त्या माणसासमोर रडले.

दादानं मनापासून पोरं आणली. शेजारच्या नांदे-चांदे गावांतली, आमच्या गावातल्या वरच्या आळीतलीसुद्धा. त्यात पैलवानाचा मुलगा होता. पैलवान म्हणजे वरच्या आळीतली मोठी असामी, गावची तालीम त्याच्या हातात. त्यानं दोन मेंढ्या धनगराला विकून पोराची फी भरली. पावतीवर सही दादाची. नोंदणीनंतर डॉक्टरी तपासणीची फी निघाली, मग गणवेशाची. आणि एका सोमवारी पौडच्या खोलीला कुलूप.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी वरच्या आळीची माणसं आली. मी चुलीपुढं होते. दारात कालवा झाला आणि बाहेर येऊन बघते तर दादाला शर्टाला धरून अंगणात ओढलेलं. कुणी लाथा घालतंय, कुणी चपलेनं तोंडावर मारतंय. आबांना दोघांनी धरून ठेवलेलं. दादा नुसता ओरडत होता, "मला माहीत न्हाई हो, मला खरंच माहीत न्हाई!"

"आमचा पैसा खातुया आन् वर तोंड करून बोलतुया!" पैलवान म्हणाला. "सही कंच्या हातानं केलीस?"

दादाचा उजवा हात त्यांनी उंबऱ्यावर दाबून धरला. पैलवानानं कुऱ्हाड उलटी केली आणि मागचा बोथट तुंबा घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. आई मध्ये पडली तर तिला ढकलून दिलं. दुसऱ्यांदा कुऱ्हाड वर गेली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुडातला कोयता उपसला आणि सरळ पैलवानाच्या दंडावर ओढला. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. कुऱ्हाड पडली. सगळे मागं सरले.

"आणखी कुणाला पाहिजे?" मी म्हणाले. "हा चोर असता तर आज घरात सापडला असता का रे? तो साहेब मी तुमच्यापुढं उभा करते."

पैलवानानं टॉवेलानं दंड आवळला. "दिवाळीपातूर," तो म्हणाला. "साहेब न्हाई घावला, तर ह्याचा दुसरा हात. मंग तुजा कोयता बी बघतो."

पौडच्या ठाण्यावर गेलो तर हवालदारानं पावत्या पाहिल्या. "सही कुणाची? ह्याची. मग पहिला आत हाच जाईल. लिहू तक्रार?" आबांनी हात जोडले आणि आम्ही परत आलो. दादाच्या हाताला प्लास्टर घातलं. तो कुणाशी बोलेना. वस्तीतली माणसंसुद्धा जयभीम घालताना नजर चुकवायला लागली. त्याला हाताचं दुःख नव्हतं, चोर म्हणाले याचं होतं. एकदाच बोलला, "तो साहेब घावल्याशिवाय मला तोंड न्हाई."

मी कॉलेजच्या वाचनालयात बसून रोज पेपरातल्या जाहिराती चाळायला लागले. दिवाळी तोंडावर आली आणि ती सापडली. कारखान्याचं नाव वेगळं, गाव भोर, बाकी मजकूर शब्दाला शब्द तोच. होतकरू तरुणांनी समक्ष भेटावे. निलाजरा मेला, मजकूर बदलायचेही कष्ट घेतले नव्हते.

भोरला तिघं गेलो. मी, दादा आणि पैलवान. एसटीत पैलवान दादाच्या शेजारी बसला, हा पळून जाईल म्हणून.

जुन्या दुमजली घरात वर खोली होती. जिन्यावर पोरांची रांग, प्रत्येकाच्या हातात सर्टिफिकेटांची पिशवी. ते दोघं खाली थांबले, मी खात्री करायला वर गेले. साहेब तोच, सफारी तीच. आमची कोंबडी खाल्लेलं ते तोंड बघून मला राहवलंच नाही. टेबल उलथून टाकलं आणि ओरडले, "हा चोर हाय! फी भरू नका!"

मला वाटलं होतं पोरं माझ्या बाजूनं उभी राहतील. कुठलं काय! रांगेतल्या एकानं माझे केस धरले. दुसऱ्यानं कानाखाली अशी वाजवली की दात हलला. "आमची नोकरी घालवती काय गं?" कुणीतरी पोटात गुडघा घातला. ती सगळी शिकलेली पोरं होती, दादासारखीच. साहेब शांतपणे टेबल सरळ करत म्हणाला, "बाईंना बाहेर काढा. यांची निवड झाली नाही, म्हणून राग."

भिंतीला धरून मी उभी राहिले, तोंडातलं रक्त थुंकलं. "मारा," मी म्हणाले. "पण एक करा. फी पहिल्या पगारातनं कापून घ्या म्हणावं त्याला. नोकरी खरी असंल तर त्याचं काय जातंय?"

माझे केस धरलेलाच पोरगा वळला. "साहेब, घ्या की कापून. आम्ही लिहून देतो."

"तसा नियम नाही."

"मग कारखान्याचा पत्ता तरी द्या. आजच जाऊन विचारतो."

"आतून कागद आणतो," साहेब म्हणाला आणि आतल्या खोलीत शिरला. आतल्या खोलीला मागचा जिना होता.

पोरं भानावर आली आणि भडका उडाला. साहेब नव्हता, पण त्याच्या शेजारी पावत्या लिहिणारा एक तरुण होता, खिशाला फोटोचं कार्ड लावलेला. सगळे त्याच्यावर तुटून पडले. खुर्ची त्याच्या डोक्यात फोडली, खाली पाडून तुडवायला लागले. दंगा ऐकून दादा आणि पैलवान धावत वर आले. पैलवान गर्दीत अडकला. दादा भिंतीच्या कडेनं आत घुसला, मीही मागोमाग. मागच्या जिन्याच्या तोंडाशी साहेब पैशांची पिशवी आवळत होता, दादानं डाव्या हातानं त्याची कॉलर धरली. पक्की धरली. मी म्हटलं, सुटलो. दादाचं नाव धुऊन निघालं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून त्या पावत्यावाल्या पोराचा आवाज आला. "मला माहीत न्हाई हो, मला खरंच माहीत न्हाई!"

दादानं माझ्याकडं पाहिलं. आणि कॉलर सोडली.

"दादा, अरे!" मी किंचाळले. साहेब जिन्यावरून गडगडत खाली गेला. मी मागं धावले, पण परसातली भिंत ओलांडून तो कधीच पसार झाला होता.

वर आले तर दादा त्या पोरावर पालथा पडलेला, आणि लाथा त्याच्या पाठीवर, प्लास्टरवर बसत होत्या. तो ओरडत नव्हता. पैलवान पोरांना मानगुटीला धरून बाजूला फेकत होता. त्याची दंडाची जखम उकलून बाही लाल झाली होती. शेवटी सगळे दमून थांबले.

दादा उठून बसला. खालच्या पोराचं नाक फुटलेलं. दादानं शर्टाच्या टोकानं ते पुसलं आणि विचारलं, "फी तू पन भरलीस ना रं?"

पोरानं मान हलवली आणि रडायला लागला.

मग दादा पैलवानाकडं वळला. डावा हात पुढं केला. "साहेब गेला," तो म्हणाला. "मीच सोडला. ह्यो घ्या."

पैलवानानं तो हात धरला. माझ्याजवळ कोयता नव्हता, मी मोडकी खुर्ची उचलली. पण तो नुसता हात धरून उभा राहिला. मग खाली बसला, एवढा मोठा गडी, आणि म्हणाला, "तवा मी इचारलंच न्हाई रं तुला."

दादानं त्याला माफ केलं असेल. त्यानं मला तसं कधी सांगितलं नाही, आणि वाकड्या बोटांनी तो आयुष्यभर पेन धरत राहिला. मी नाही केलं.