मेहेरबान साहेबांना अर्ज

"अहो, यात मुलगी कुठे आहे?" फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही पानं वाचून टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला. नात माझ्याकडं बघायला लागली. तिच्या नोकरीचं हे पत्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत पोचायचं होतं.

आम्ही गेवराईहून पहाटेच्या एसटीनं संभाजीनगरला आलो होतो. मी, नात आणि नातीचा चुलता, म्हणजे माझा धाकटा लेक. दूध तपासायची यंत्रं करणाऱ्या एका फ्रान्सच्या कंपनीला आमच्या भागातल्या दूध संस्थांना ती चालवायला शिकवणारं माणूस पाहिजे होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, आपल्या भाषेत पत्र लिहा आणि त्याचं रीतसर फ्रेंच भाषांतर जोडा. नात डेअरीचं शिकलेली. ही नोकरी हुकली तर तिच्या बापानं पाहून ठेवलेलं स्थळ तयारच होतं. तिला ते नको होतं.

पत्र मात्र चुलत्यानं सांगून लिहून घेतलं होतं. तो गावच्या दूध संस्थेचा सचिव. त्यानं जन्मभर कारखान्याला, बँकेला, तहसीलला अर्ज लिहिले. त्यामुळं पत्रात सुरुवातीला मेहेरबान साहेब, मग दुष्काळ, मग माझे गुडघे, मग आजोबा संस्थेचे संस्थापक सभासद, घरात कुणी नोकरीला नाही, आणि शेवटी आम्ही आपले जन्मभर ऋणी राहू. नातीचं नाव फक्त सहीला.

"साहेबाच्या पोटात कालवलं पाहिजे, बाई," लेक म्हणाला. "त्याशिवाय नोकरी देत न्हाईत."

"फ्रान्सच्या साहेबाच्या पोटातही कालवेल," बाई म्हणाल्या. "आणि नोकरी दुसऱ्याला देईल. तिकडे विचारतात, आमच्याकडेच का यायचंय, तुम्ही काय करू शकता आणि तुम्ही-आम्ही मिळून काय होईल. एक पान पुरे."

"मग तुमीच फ्रेंचमधी तसं करून टाका की."

"मी मराठीत नसलेलं फ्रेंचमध्ये घालत नाही. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून कुणी वाचली तर मुलगी खोटी पडेल. आधी मराठी बदला."

बाईंनी नातीला विचारलं, तू कधी काही अवघड काम केलंस का. पोरगी चुलत्यासमोर तोंड उघडेना. आमच्यात मोठ्यांपुढं कुणी आपलं कौतुक आपण सांगत नाही. मग मीच सांगितलं.

"दुष्काळाच्या साली ही संस्थेत दूध घ्यायला बसायची. जनावरं छावणीत, पाणी टँकरचं. एक दिवस एका कॅनमधी पाणी वळखायचा मीटर सोडला तर तो खालीच गेला. हिनं कॅन परत पाठवली."

"कुणाची होती?"

"सचिवाची." मी लेकाकडं बोट दाखवलं. "प्यायला पाणी न्हाई अशा साली दुधात घालायला ह्याला बरं सापडलं."

"आये, कावून काढती जुनं?" लेक लाल झाला. "भैस आजारी हुती."

"भैस काय टँकर पीत हुती?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद नातीपुढं सरकवला आणि हेच लिही म्हणाल्या.

लेकानं सौदा करून पाहिला. सचिव नको, एका सभासदाचं लिहा. बाई म्हणाल्या, सभासदाचं दूध कुणीही परत करतं. मग तो म्हणाला, निदान चुलता लिहू नका. ते बाईंनी मानलं, नातं तसंही त्यांना नको होतं. नातीनं पेन हातात धरलं तरी लिहीना. ती चुलत्याच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "लिही बाई. न्हाई तर एसटीचं भाडं वाया घालवलं म्हणून तुजा बाप मलाच इचारल."

तिनं एका बैठकीत लिहिलं. बाईंनी तिथंच फ्रेंच केलं आणि प्रत्येक ओळ मराठीत सांगितली. शेवटची ओळ अशी निघाली: महोदया, महोदय, माझ्या आदरपूर्वक शुभेच्छांचा आपण स्वीकार करावा अशी मी आपणास विनंती करते.

लेक खुर्चीत सरळ बसला. "आता ही इनवणी न्हाई तर काय? आमचं मेहेरबान तेवढं वाईट."

"ही रीत आहे, आपल्या 'आपली विश्वासू'सारखी. नोकरीवरून काढतानाही ते असंच लिहितात."

"मंजी आमच्यापेक्षा बेरकी हायत," लेक म्हणाला. त्याला पहिल्यांदाच त्या कंपनीबद्दल आदर वाटलेला दिसला.

पत्र पोचलं, बोलावणं आलं. मुलाखतीत कंपनीच्या बाईनं नातीला एकच गोष्ट खोदून विचारली, तो सचिव पुढं काय म्हणाला. नातीनं सांगितलं, महिनाभर बोलला नाही, पण दूध चांगलं आणायला लागला. नोकरी लागली. स्थळवाल्यांनी दुसरी मुलगी पाहिली.

लेकाची ती म्हैस पुढं त्याच दुष्काळात छावणीत मेली. आम्ही जगलो, आणि माझा लेक अजून सचिव आहे.