गोलाबाहेरचं शून्य

माझा स्वभाव फटकळ. घाटंजीत माझं औषधांचं दुकान आहे आणि बाजाराच्या दिवशी तर माझं तोंड सकाळपासूनच सुटलेलं असतं. "रांगेत या, मी काही दहा हातांची देवी नाही!" असं ओरडले नाही तर लोकांनाच चुकल्यासारखं वाटतं. पण एक चिठ्ठी हातात आली की मी आपोआप हळू बोलायला लागते. ती म्हणजे संशयाची चिठ्ठी.

त्या दिवशी ती एका मावशीनं दिली. कापूस वेचायला जाणारी बाई, बोटं चिरलेली. तिच्या पोरानं नुकतीच दारू सोडली होती. हातपाय कापतात, झोप येत नाही, म्हणून यवतमाळच्या डॉक्टरांनी काही दिवसांपुरती एक गोळी सुरू केली होती. कामाची गोळी, पण सवय लावणारी. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही, दिली की वेगळी नोंद ठेवावी लागते.

चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या होत्या शंभर.

हे डॉक्टर एकूण गोळ्यांच्या आकड्याभोवती नेहमी गोल काढतात. इथंही गोल होता. आत दहा. शेवटचं शून्य मात्र गोलाच्या बाहेर, वेगळ्या शाईचं, भलं मोठं. शंभर गोळ्या, त्याही दारू सोडून चारच दिवस झालेल्या माणसाच्या हाताशी!

पण समोर बाजारची गर्दी. "हे खोटं आहे" असं मोठ्यानं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्या बाईचं नाव गावभर झालं असतं. शिवाय चूक डॉक्टरांचीही असू शकते. मी म्हटलं, "मावशी, आकडा नीट लागत नाही. डॉक्टरांना विचारते. बसा जरा, पाणी घ्या."

आत जाऊन फोन लावला. चिठ्ठीवरच्या नंबरावर नाही, माझ्याजवळ होता त्यावर. डॉक्टर म्हणाले, "मी दहाच लिहिल्या. मुद्दाम कमी देतो, म्हणजे तो स्वतः येऊन तोंड दाखवतो. त्या चिठ्ठीवर काही देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. आजच्या गोळ्या आहेत का, तेवढं विचारा. एकदम बंद नको. उद्या मी घाटंजीच्या दवाखान्यात आहे, त्याला पाठवा. नवी लिहून देतो."

गर्दी ओसरल्यावर मावशीला बाजूला घेतलं. "पोराच्या गोळ्या आहेत का घरी?"

"उद्या सांजपर्यंत पुरतीन."

"मग घाबरू नका. पण या चिठ्ठीवर मला एकही देता येणार नाही. आकडा वाढवलेला आहे. चिठ्ठी इथंच राहू द्या."

तिचा चेहरा पडला. "पोलिसात देता का बाई?"

"नाही हो मावशी. या गोळ्या नशेसाठी विकणारं कोणी असतं तर औषध निरीक्षकांना कळवलंच असतं. हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पोराला उद्या बोलावलं आहे."

"गोया सरल्या तं तो पुन्हा पीन ना बाई! मले त्याचंच भेव वाटते." ती रडायलाच लागली. मलाही भरून आलं. पण हात काही गोळ्यांच्या कप्प्याकडे गेला नाही. ती गेल्यावर मी चिठ्ठीवर "दिले नाही" असं लिहून सही केली. रात्री जेवण गेलं नाही. तो आलाच नाही तर? गोळी संपली, आणि गुत्त्याकडे वळला तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्यानं नवी चिठ्ठी पुढं केली. गोल होता, आत दहा, बाहेर काही नाही. मी गोळ्या दिल्या, चिठ्ठीवर शिक्का मारला.

तो जाईना. "काल चिठ्ठीत कोनं खोडी केली, विचारलं नाई तुमी?"

"नाही. ते माझं काम नाही."

"मले मालूम हाय." त्यानं रस्त्यापलीकडे पाहिलं. लिंबाखाली मावशी पदर तोंडाला लावून उभी होती, जवळ यायला तयार नव्हती. "माय शाळेत गेलीच नाई, बाई. सहीच्या जागी आंगठा देते. पन दहाच्या नोटीत आन् शंभराच्या नोटीत कायचा फरक हाय, थे तिले समजते. पुऱ्या लिहिन्यात एक शून्यच येते तिले."

गोळ्या खिशात घालून तो म्हणाला, "आता तिच्या हाती चिठ्ठी नाई देत. मीच येत जाईन."

मग तो रस्ता ओलांडून तिच्याकडे गेला.